राजीनाम्यानंतरचे तीस दिवस: कारखान्यातल्या अकाउंटंटने काम सोपवायचं कसं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेतली एक तरतूद नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाच्या कामाची आहे. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. त्याआधी 'फुल अँड फायनल', म्हणजे शेवटचा हिशेब, मिळायला महिना-दीड महिना सहज जायचा. (ग्रॅच्युइटीचा नियम आणि तिची मुदत वेगळी आहे.)

या बदलाचा काम सोपवण्याशी थेट संबंध आहे. इतके दिवस अनेक मालकांना वाटायचं, की माणूस गेला तरी त्याचे पैसे आपल्याकडे आहेत, काही अडलं तर बोलावून घेऊ. आता ती सोय राहिली नाही. जे समजून घ्यायचं ते शेवटच्या दिवसाआधीच समजून घ्यावं लागणार. म्हणजे नोटीस पिरियडचे दिवस खरोखर कामाला लावावे लागणार, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गाडी अडते. तीस दिवस हातात असतात, पण त्यात काय, कोणत्या क्रमाने करायचं हे ना जाणाऱ्याला नीट माहीत असतं, ना मालकाला.

नोकऱ्या अनेक प्रकारच्या असतात. मी इथे एकच घेतो, कारण तिचं वेळापत्रक पक्कं आहे आणि चुकलं की दंड ठरलेला आहे: छोट्या कारखान्यातला अकाउंटंट. समजा, भोसरी एमआयडीसीत एक फॅब्रिकेशनचं युनिट आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, साठेक कामगार, उलाढाल ५ कोटींच्या वर. ऑफिसात हिशेब पाहणाऱ्या एकच बाई. बाहेरचे सीए ऑडिट करतात, पण रोजचं सगळं या बाईंच्या हातात. त्यांनी ५ ऑगस्टला राजीनामा दिला. नोटीस तीस दिवसांची, शेवटचा दिवस ४ सप्टेंबर.

## आधी कॅलेंडर, मग काम

अकाउंट्सच्या कामाला महिन्याचं चक्र असतं. ७ तारखेपर्यंत टीडीएस भरायचा. ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१, म्हणजे गेल्या महिन्यात कोणाला काय विकलं त्याचा तपशील. १५ पर्यंत पीएफ आणि ईएसआयसी. २० पर्यंत जीएसटीआर-३बी, म्हणजे विक्रीवरच्या करातून खरेदीवरचा कर वजा करून उरलेले पैसे भरण्याचं विवरणपत्र. ३बीला एक दिवस उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज.

आता बाईंचे तीस दिवस या चक्रावर ठेवून पाहू. राजीनामा दिल्यावर मालक जाहिरात देणार, ओळखीत विचारणार, दोन-चार जणांना भेटणार. घाई करूनही नवा माणूस १८ ऑगस्टच्या आधी येत नाही असं धरू. म्हणजे दोघं एकत्र असण्याचा काळ १८ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर. भोसरीत गुरुवारची सुट्टी असते, ती वजा केली की उरले पंधरा-सोळा दिवस. आणि त्यात कोणकोणत्या तारखा येतात? फक्त २० ऑगस्टची ३बी, तीही नव्या माणसाच्या तिसऱ्या दिवशी, जेव्हा त्याला फाइलींचं कपाट कुठे आहे एवढंच कळलेलं असतं. टीडीएसची ७ तारीख, जीएसटीआर-१ची ११, पीएफची १५ या सगळ्या बाईंच्या शेवटच्या दिवसानंतर येतात.

हँडओव्हर फसण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे, आणि त्यात कोणाच्याही आळसाचा दोष नाही. माणूस सोळा दिवस शेजारी बसून शिकतो, पण ज्या चार कामांसाठी त्याला घेतलं त्यातली तीन त्याने एकदाही होताना पाहिलेली नसतात. म्हणून राजीनामा देण्याआधी, निदान दिल्याच्या दिवशी, कॅलेंडर समोर घेऊन बसावं. शेवटचा दिवस ४ सप्टेंबरऐवजी १२ सप्टेंबर ठेवता आला तर जीएसटीआर-१ दोघांच्या देखत भरली जाते. नव्या ठिकाणी आठवडाभर उशिरा रुजू होण्याची परवानगी बहुधा मिळते, मात्र ती ऑफर स्वीकारतानाच मागायला हवी. नंतर मागितली की अवघडल्यासारखं होतं. तारीख हलणारच नसेल तर सराव करावा लागतो. त्याची पद्धत पुढे सांगतो.

## पहिल्या आठवड्यात फक्त दोन गोष्टी

नवा माणूस येईपर्यंतचे दहा-बारा दिवस बहुतेक लोक 'सगळं लिहून काढायला' वापरतात. माझ्या मते हा वेळ आधी दुसऱ्या दोन कामांना द्यावा, कारण ती दोन कामं बाईंशिवाय कोणीच करू शकत नाही.

पहिलं काम अर्धवट राहिलेल्या कामांची यादी करायचं. कोणतं काम मी स्वतः संपवून जाणार, कोणतं अर्धवट स्थितीत सोपवणार आणि कोणतं माझ्याकडून होणार नाही, असे तीन भाग पाडावेत. तिसरा भाग लिहायला संकोच वाटतो. पण मालकाला खरी गरज त्याचीच असते. एखाद्या मोठ्या ग्राहकाकडची दोन वर्षांची येणी जुळवायची राहिली आहेत, त्यांच्या आणि आपल्या खात्यात फरक आहे, हे काम तीस दिवसांत होणार नसेल तर तसं ८ ऑगस्टलाच सांगावं. ४ सप्टेंबरला सांगितलं तर मालकाला ते आपल्याला अंधारात ठेवल्यासारखं वाटतं. ८ तारखेला सांगितलं तर ते सीएंना विचारून वाट काढू शकतात.

याच यादीत आपल्याला ठाऊक असलेल्या जुन्या चुकाही याव्यात. एखाद्या बिलावर चुकीचा जीएसटी नंबर गेला असेल, खरेदीच्या बिलावरचा कर वजा करून घ्यायचा राहिला असेल. अशा जीएसटीतल्या चुका पुढच्या विवरणपत्रांत दुरुस्त करता येतात, पण त्याला मुदत असते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरचं ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर ती तारीख. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलेली मागच्या वर्षाची चूक सुधारायला नव्या माणसाला साडेतीन महिने मिळतात. ती डिसेंबरमध्ये त्याला स्वतःला सापडली तर तो कर हातचा गेलेला असतो.

दुसरं काम किल्ल्यांचं, म्हणजे लॉगिन, ओटीपी आणि डिजिटल सह्यांचं. छोट्या कंपन्यांत सोयीसाठी जीएसटी पोर्टलवर अकाउंटंटचाच मोबाइल नंबर आणि ईमेल दिलेला असतो. पासवर्ड बदलायचा म्हटला तरी ओटीपी त्याच फोनवर येतो. बाई गेल्या, पुढे नंबरही बदलला, आणि ११ तारखेला पोर्टल उघडेना, अशी वेळ यायला नको. पोर्टलवर नोंदणीतल्या 'नॉन-कोअर' बदलांतून अधिकृत सही करणाऱ्या व्यक्तीचा मोबाइल आणि ईमेल बदलता येतो. नव्या नंबरवर ओटीपी येतो, आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. काम छोटं आहे, पण मालक शेजारी बसलेले असायला हवेत, कारण नंबर त्यांचा टाकायचा आहे. नव्या अकाउंटंटचा नंबर टाकला तर पुढच्या राजीनाम्याला हाच प्रश्न परत उभा राहतो.

तीच तपासणी प्राप्तिकराच्या पोर्टलवर, टीडीएसच्या ट्रेसेसवर, पीएफ, ईएसआयसी आणि व्यवसाय कराच्या पोर्टलवर करायची. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? डिजिटल सहीचा टोकन, म्हणजे यूएसबीसारखी ती छोटी वस्तू, संचालकांची असते, पण असते मात्र अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये. ती संचालकांच्या हातात द्यावी आणि दिल्याची नोंद करावी. तिची मुदत कधी संपते तेही त्याच नोंदीत लिहावं. टोकनची मुदत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपत असेल तर कंपनीची जीएसटीआर-१ अडकलीच म्हणून समजा, कारण प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला विवरणपत्रावर डिजिटल सही लागते.

पासवर्ड हँडओव्हरच्या कागदात लिहू नयेत. तो कागद चार जणांच्या मेलमध्ये जातो. पासवर्ड मालकांकडे वेगळे द्यावेत, आणि शेवटच्या दिवशी त्यांनी ते तुमच्यासमोर बदलावेत. त्यात तुमचंही हित आहे. नंतर कोणी काही गडबड केली तर तुमच्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

## लिहायचं काय, आणि किती?

हँडओव्हरचा दस्तऐवज म्हटलं की लोक विषयवार लिहायला लागतात: 'जीएसटी', 'बँक', 'पगार', 'खरेदी'. वाचायला छान दिसतं, वापरायला अवघड जातं. नव्या माणसाच्या मनात विषय नसतो, आज काय करायचं हा प्रश्न असतो. म्हणून तारखेनुसार लिहावं. १ ते ३१, आणि शेवटी तिमाहीची व वर्षाची कामं.

प्रत्येक कामाखाली चार ओळी पुरतात. माहिती कुठून येते, काय करायचं, बरोबर झालं हे कशावरून ओळखायचं, आणि अडलं तर कोणाला विचारायचं. यातली तिसरी ओळ बहुतेक कागदांत नसतेच. पीएफचं उदाहरण घेऊ. 'पगारपत्रकावरून ईसीआर फाइल बनवून पोर्टलवर चढवावी, चलन भरावं' एवढं सगळेच लिहितात. बाईंनी त्याखाली असं लिहावं: 'चलनातली कामगारांची संख्या हजेरीपत्रकाशी जुळायला हवी. कमी आली तर नव्या कामगाराचा यूएएन जोडायचा राहिला आहे. कंत्राटदाराचे वेल्डर यात धरायचे नाहीत, त्यांचं चलन कंत्राटदार भरतो आणि त्याची प्रत त्याचं बिल चुकतं करण्याआधी मागून घ्यायची.' हे वाचून नवा माणूस चूक स्वतः पकडू शकतो. नुसत्या कृतीवरून चूक पकडता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. कोणत्या पुरवठादाराला किती दिवसांत पैसे जातात, कोण रोज फोन करतो, कोण फोन न करता थेट माल थांबवतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांत मोडणाऱ्या पुरवठादारांचे पैसे करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदतीनंतर दिले तर तो खर्च प्राप्तिकरात त्या वर्षी धरता येत नाही, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षी धरता येतो. त्यामुळे मार्चच्या आसपास कोणाचे पैसे आधी सोडायचे याची यादी बाईंच्या डोक्यात पक्की असते. टॅलीत पुरवठादारांची नावं असतात. कोणाकडे उद्यम नोंदणी आहे आणि ती कोणत्या गटातली, हे प्रत्येक खात्यावर नोंदलेलं असेलच असं नाही. ही यादी कागदावर यायला हवी.

किती लिहावं? पंधरा-वीस पानांच्या पुढे गेलात तर कोणी वाचत नाही. आणि जे कायद्यात किंवा पोर्टलच्या मदत-पानावर आहे ते लिहूच नये. ३बीचा कोणता रकाना कशासाठी, हे नव्या अकाउंटंटला येत असलं पाहिजे, नसेल तर ते शिकवणं ही तुमची जबाबदारी नाही. तुमच्या कंपनीत जे वेगळं आहे तेवढंच लिहा.

## शिकवताना हात कोणाचे?

नवा माणूस आला की सहसा असं होतं. बाई कॉम्प्युटरवर काम करतात, तो खुर्ची ओढून शेजारी बसतो, मान हलवतो, वहीत काहीतरी टिपतो. सोळा दिवस असे गेल्यावर दोघांनाही वाटतं की शिकवून झालं. ड्रायव्हरच्या शेजारी बसून पुण्याहून नाशिकला चार वेळा जाऊन आलं म्हणून गाडी चालवता येत नाही, तसंच हे. रस्ता ओळखीचा होतो, क्लच ओळखीचा होत नाही.

म्हणून पहिले तीन-चार दिवस सोडले की कीबोर्ड नव्या माणसाकडे द्यावा. टॅलीत त्याचं स्वतंत्र युजर-नाव पहिल्याच दिवशी तयार करावं. बाईंच्या लॉगिनवर त्याला काम करू देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं बंधनकारक आहे. कोणी, कधी, काय बदललं हे त्यात दिसतं. एकाच नावावर दोघांनी नोंदी केल्या तर उद्या ऑडिटरने विचारल्यावर त्या कोणी केल्या हे सांगता येणार नाही.

तो काम करताना बाईंनी बोलायचं कमी. तो थांबला तर लगेच उत्तर न देता, कागदात आहे का ते बघायला सांगायचं. कागदात नसेल तर ती ओळ त्यानेच तिथे लिहायची, त्याच्या शब्दांत. माझ्या मते हँडओव्हरचा उत्तम कागद तोच, ज्यातली निम्मी वाक्यं शिकणाऱ्याने लिहिलेली असतात. जाणाऱ्या माणसाला आपण काय गृहीत धरतोय हे दिसत नाही, येणाऱ्याला ते पहिल्याच तासात ठेचकाळतं.

ऑगस्टचा पगार हे त्यासाठी चांगलं काम आहे. हजेरी महिनाअखेरीला बंद होते आणि पगारपत्रक सप्टेंबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतं, म्हणजे बाई असतानाच. ते पूर्ण नव्या माणसाने करावं. ओव्हरटाइम, उचल, नवे आलेले, सोडून गेलेले, या सगळ्या गाठी त्यात येतात. बाईंनी फक्त शेवटची बेरीज तपासावी.

## जुन्या महिन्यावर सराव

आता तो राहिलेला प्रश्न. ऑगस्टची जीएसटीआर-१ ११ सप्टेंबरला भरायची आहे आणि बाई ४ तारखेला जाणार. जे काम एकत्र असताना येणारच नाही ते शिकवायचं कसं?

उपाय असा, की आधी भरून झालेला महिना नव्या माणसाने पुन्हा करायचा, उत्तर न पाहता. बाईंनी ३१ जुलैच्या रात्रीचा टॅलीचा बॅकअप काढून वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून द्यावा आणि सांगावं, 'असं समजा की आज १ ऑगस्ट आहे. जुलैची जीएसटीआर-१ तयार करून दाखवा.' पोर्टलवर काहीही भरायचं नाही, फक्त एक्सेलमध्ये आकडे काढायचे. मग बाईंनी ११ ऑगस्टला प्रत्यक्षात भरलेले आकडे शेजारी ठेवायचे.

समजा, बाईंनी भरलेली करपात्र विक्री ८४,६०,००० रुपये होती. नव्या माणसाचा आकडा आला ८६,१०,०००. फरक दीड लाखाचा. बेरीज तपासली, बिलांचे नंबर तपासले, एकही बिल दुबार आलेलं नाही. मग बाईंच्या चालू टॅलीत शोधल्यावर ३१ जुलैच्या तारखेच्या दोन क्रेडिट नोटा सापडल्या. एक १,१०,००० ची, ग्राहकाने नाकारून परत पाठवलेल्या मालाची. दुसरी ४०,००० ची, दरातल्या फरकाची. दोन्ही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घातलेल्या, म्हणून ३१ जुलैच्या बॅकअपमध्ये नव्हत्या.

नवा माणूस साहजिकच विचारतो, 'या आल्या कुठून? मेल तर कुठलाच नाही.' आणि बाई सांगतात, की तो मोठा ग्राहक मेल पाठवत नाही. त्याच्या सप्लायर पोर्टलवर दर महिन्याच्या ५ तारखेच्या आसपास नाकारलेल्या मालाची आणि दरफरकाची यादी येते. ती उतरवून घ्यायची, गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरशी जुळवायची, मग क्रेडिट नोट काढायची. हे बाईंनी वीस पानांत कुठेही लिहिलेलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे, इतक्या वर्षांत ते त्यांच्या हाताला इतकं सवयीचं झालं होतं की ते वेगळं 'काम' आहे असं वाटलंच नाही. सराव झाला नसता आणि सप्टेंबरमध्ये अशाच दीड लाखाच्या नोटा राहून गेल्या असत्या, तर त्या रकमेवर १८ टक्क्यांनी २७,००० रुपयांचा कर त्या महिन्यात नाहक भरला गेला असता, आणि ग्राहकाच्या खात्याशी न जुळणारा आणखी एक फरक तयार झाला असता.

अशा सरावात आकडे पहिल्याच फटक्यात जुळले तर मला थोडी शंकाच येते, बॅकअप बहुधा नंतरच्या तारखेचा घेतला गेला असावा. फरक येणं चांगलं. प्रत्येक फरकामागे न लिहिलेली एक गोष्ट असते आणि ती सापडली की कागदात जाते. टीडीएस आणि पीएफसाठीही हाच जुलै पुन्हा वापरता येतो. तिन्ही मिळून तीन-चार दिवसांचं काम आहे.

## 'माझ्या जागी कोणी घेतलंच नाही तर?'

हे फार वेळा होतं. मालक म्हणतात, बघू, आणि महिना संपतो. अशा वेळी कोणाची वाट पाहत बसू नये. पंधराव्या दिवसापर्यंत माणूस आला नाही तर मालकांना लेखी विचारावं की तात्पुरतं काम कोण पाहणार. बहुतेकदा उत्तर दोघांचं येतं: थोडं काम सीएंच्या ऑफिसातला आर्टिकल करणारा मुलगा पाहील, थोडं स्टोअर्सचे साहेब. मग कॅलेंडर त्या दोघांत वाटून द्यावं. विवरणपत्रं सीएंकडे, बँक, पुरवठादार आणि रोजच्या नोंदी आतल्या माणसाकडे. सराव आतल्या माणसाकडून निदान रोजच्या नोंदींचा करून घ्यावा. पूर्ण अकाउंटंट तयार होणार नाही, पण पहिला महिना निभावतो.

## 'सगळं सांगून टाकलं तर माझ्याकडे काय राहिलं?'

ही भीती खरी आहे, विशेषतः जिथे मालकाने शेवटचे पैसे अडवल्याचे किस्से ऐकलेले असतात. त्यासाठीच सुरुवातीला ती दोन दिवसांची तरतूद सांगितली. माहिती दाबून ठेवल्याने पैसे लवकर मिळत नाहीत. उलट 'हँडओव्हर अपूर्ण' हे कारण मालकाच्या हाती मिळतं आणि रिलीव्हिंग लेटर लांबतं. तुमच्या बाजूने भक्कम पुरावा म्हणजे तारीखवार सोपवलेल्या कामांचा कागद, त्यावर घेणाऱ्याची सही आणि मालकांना गेलेला मेल. पुणे-पिंपरीच्या पट्ट्यात सीए, सल्लागार, बँकेची माणसं तीच ती असतात. पुढच्या नोकरीत कोणी कोणाला फोन करून विचारेल सांगता येत नाही.

## 'गेल्यावरही फोन येतच राहतात'

येणार. ते बंद करण्यापेक्षा त्यांना चौकट द्यावी. आपल्या उदाहरणात बाईंनी आधीच सांगावं, की ७, ११, १५ आणि २० सप्टेंबर या चार दिवशी संध्याकाळी सात ते आठ मी फोनवर असेन, तोपर्यंतचे प्रश्न लिहून ठेवा. त्यानंतर नाही. सप्टेंबरचं चक्र त्या चार तारखांत पूर्ण होतं. त्याच्या पुढचे प्रश्न नव्या माणसाने सीएंना विचारायचे. फोनवर उत्तर द्यावं, पण पोर्टलवर लॉगिन करून किंवा ओटीपी घेऊन काम करून देऊ नये, कितीही गळ घातली तरी. तुम्ही त्या कंपनीत नाही, आणि तुमच्या हाताने भरलेल्या आकड्याचा जाब नंतर तुम्हालाच विचारला जाईल.

## शेवटच्या दिवशी

४ सप्टेंबरला नवीन काहीही शिकवायचं नाही. त्या दिवशी हस्तांतराचा एक पानी कागद करायचा. त्यात बँक खात्यांची टॅलीतली आणि बँकेतली शिल्लक, आणि फरक असल्यास कारण. पेटी कॅशची रोख रक्कम, नव्या माणसासमोर मोजलेली. पोर्टलांवर आलेल्या आणि उत्तर बाकी असलेल्या नोटिसा, त्यांच्या मुदतीसह. नोटिसा मेलवर येतात असं धरून चालू नये, प्रत्येक पोर्टलवर लॉगिन करून त्या दिवशी पाहाव्यात. चेकबुकांतले कोरे चेक, पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकासह. डिजिटल टोकन, कपाटाच्या किल्ल्या, कंपनीचं सिम. आणि पहिल्या आठवड्यात केलेली ती तीन भागांची यादी, आजच्या तारखेला कुठे आहे त्या नोंदीसह.

तीन सह्या: जाणाऱ्याची, येणाऱ्याची, मालकांची. एक प्रत तुमच्याजवळ. बँकेला पत्र जातं की तुमचा नेटबँकिंगचा युजर बंद करावा. टॅलीतलं तुमचं युजर-नाव मात्र पुसायला सांगू नका, फक्त बंद करायला सांगा. तुमच्या नावावरच्या जुन्या नोंदी पुढच्या ऑडिटला त्याच नावाने दिसायला हव्यात.